अनुभव धागा : पाहुणा गेला, पाकीट राहिलं

सागरगोटी :
मंडळी, आपल्या किनाऱ्यावर दिवाळी ते शिमगा पाहुण्यांची वर्दळ असते आणि दर सीझनला काही ना काही मागे राहतंच. परवा माझ्या मावसभावाच्या खानावळीत कुणीतरी चष्मा विसरून गेलं आणि तो चष्मा अजून गल्ल्याजवळ पडून आहे, कारण कुणाचा ते कळायला मार्गच नाही. म्हणून हा धागा काढतेय. हॉटेलात, होमस्टेत, बोटीवर, रिक्षात, जिथे कुठे तुम्ही काम करता तिथे सापडलेली वस्तू मालकापर्यंत कशी पोचवलीत ते लिहा. नुसतं "परत केली" एवढंच नको, माणूस शोधला कसा ते सांगा, तेच बाकीच्यांच्या कामी येईल.

गुहागरची_होमस्टेवाली :
आमच्याकडे सगळ्यात जास्त राहतात ते चार्जर आणि पोरांच्या चपला. पण एकदा कानातलं मशीन राहिलं होतं, उशीच्या अभ्र्यात. बारा जणांचा ग्रुप होता, टेम्पो ट्रॅव्हलर करून आलेला, बुकिंग एकाच्याच नंबरवर. त्याला फोन केला तर म्हणाला आमच्यात कुणी मशीन लावत नाही, तुमच्या आधीच्या गेस्टचं असेल. मी म्हटलं खोलीतले अभ्रे तुम्ही येण्याआधी बदललेत, तरी ऐकेना. मग आमच्या ह्यांनी मशीनवरचा बारीक नंबर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचला, डबीवर सांगलीच्या दुकानाचा स्टिकर होता, तिथे फोन लावला. दुकानदाराने आम्हाला नाव सांगितलं नाही, बरोबरच आहे त्याचं, पण त्याने स्वतः गिऱ्हाइकाला फोन केला आणि अर्ध्या तासात एका आजींचा आम्हाला फोन आला. त्याच ग्रुपमधल्या आजी! घरच्यांना कळू नये म्हणून केसांआड लपवून मशीन लावायच्या. एसटीच्या पार्सलने पाठवलं. एवढंच.

बेलडेस्क_वेंगुर्ला :
मी आता कुडाळला एका लॉजच्या काउंटरवर असतो, पण आधी वेंगुर्ल्याला समुद्राकडच्या एका हॉटेलात बेलबॉय होतो, तेव्हाची गोष्ट, करोनाच्या आधीची. जरा लांब आहे, तुकड्यातुकड्याने लिहितो, रात्रपाळीत वेळ मिळतो तसा.

जानेवारी महिना होता. एक डच आजोबा आले होते, एकटेच, सत्तरी कधीच ओलांडलेली, हातात काठी, डोक्यावर गवती हॅट. आमच्याकडे फॉरेनर फार येत नाहीत, येतात ते गोव्याच्या वाटेवर एक रात्र राहून जातात. हे मात्र मुद्दाम वेंगुर्ल्यालाच आले होते, डच वखार बघायला. आपल्यातल्या किती जणांनी ती नीट बघितलीय माहीत नाही, झाडं उगवलेल्या भिंती आणि कमानी एवढंच उरलंय. डचांनी इथे १६३७ साली वखार घातली. आजोबा रोज सकाळी उन्हाच्या आधी तिथे जाऊन बसायचे आणि वहीत चित्र काढायचे, आणि त्यांची घडीची खुर्ची घेऊन मी सोबत जायचो कारण वाट दगडांची, काठी घसरायची. तेच मला सांगायचे की त्या काळात गोवा पोर्तुगीजांकडे होता, डचांची जहाजं गोव्याची नाकेबंदी करून समुद्रात उभी राहायची आणि त्या जहाजांना अन्नपाणी इथून वेंगुर्ल्यातून जायचं. लहानपणापासून त्या भिंतींवरून उड्या मारल्या, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी त्यांनी चेकआउट केलं. चेकआउटला बेलबॉयने सामान उचलायच्या आधी खोलीत एक फेरी मारायची असते, ती मी नेहमीसारखी मारली, कपाट, ड्रॉवर, बाथरूमच्या दारामागचा हूक, पलंगाखाली, पडद्यामागची खिडकी. काही नव्हतं. सामान टॅक्सीत ठेवलं, आजोबा गेले.

दुपारी हाउसकीपिंगच्या मावशींनी व्हरांड्यातल्या झोपाळ्याची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली फळीच्या फटीत तपकिरी चामड्याचं पाकीट. गादीच्या वजनाने फटीत असं बसलेलं की वरून चाचपून हाताला लागलंच नसतं. मावशींनी हात न लावता मला हाक मारली. आमच्या मॅनेजर साहेबांचा नियम होता, पाकीट एकट्याने उघडायचं नाही. काउंटरवर, कॅमेऱ्याखाली, ज्याला सापडलं तो आणि अजून दोघं समोर पाहिजेत. तसं उघडलं. युरोच्या नोटा, थोडे रुपये, बँकेचं कार्ड, त्यांच्या देशाचं ओळखपत्र, एका बाईंचा जुना फोटो आणि एक घडी केलेलं छापील कार्ड ज्यावर डच भाषेत काहीतरी आणि औषधाचं नाव. एकेक नोट मोजून यादी केली, सापडलेल्या वस्तूंच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, मावशींची, माझी, रिसेप्शनच्या ताईंची सही, मग सगळं लिफाफ्यात घालून चिकटवलेल्या जागेवर आडव्या सह्या आणि तिजोरीत.

बाकीचं उद्या लिहितो, गेस्ट आलेत.

पुणेरी_फिरस्ता :
यात शोधायचं काय होतं? हॉटेलकडे पासपोर्टची झेरॉक्स असतेच. एम्बसीला मेल टाकायचा, पाकीट दिल्लीला कुरिअर करायचं, ते घरपोच देतात. माझ्या मित्राचा पासपोर्ट असाच परत मिळाला होता.

लॉबीतला_काका :
फिरस्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे. मी रत्नागिरी आणि गोवा मिळून सगळी नोकरी फ्रंट ऑफिसला काढली. पासपोर्ट सापडला तर तो त्या देशाच्या सरकारची मालमत्ता, म्हणून वकिलात तो घेते. नेदरलँड्सची दिल्लीला एम्बसी आहे, मुंबईला कॉन्सुलेट आहे, तिथे निरोप ठेवायला हरकत नाही. पण यांचा पासपोर्ट त्यांच्याजवळच होता. आणि मुख्य अडचण कुरिअरची आहे. कुरिअरवाले रोख पैसे घेत नाहीत, बँकेचं कार्डसुद्धा नाही म्हणतात, आत काय आहे ते खोटं लिहून पाठवलं आणि गहाळ झालं तर दाद मागता येत नाही. त्यामुळे पाहुणा देशातच आहे तोवर हातात देणं हाच सरळ रस्ता असतो.

दुसरी गोष्ट, होमस्टेवाल्यांनी पण लक्षात ठेवा. राहिलेल्या प्रत्येक वस्तूसाठी पाहुण्याच्या घरी फोन करायचा नसतो. कोण कुणाबरोबर राहिलं होतं हे त्यांच्या घरच्यांना आपल्या फोनने कळायला नको. कपडे, दागिना, परफ्यूम असं काही असेल तर नोंद करून ठेवायचं आणि विचारणा होईपर्यंत थांबायचं. पाकीट, पासपोर्ट, औषध याला मात्र थांबायचं नाही, आणि तेव्हाही फक्त पाहुण्याने स्वतः दिलेल्या नंबरवरच करायचा.

बेलडेस्क_वेंगुर्ला :
लॉबीतले काका म्हणतात तेच आमच्या साहेबांनी केलं. आधी आजोबांच्या स्वतःच्या नंबरवर फोन, ३१ ने सुरू होणारा, बंद. व्हॉट्सअॅप टाकलं, एकच टिक. ते मोबाईल फक्त वायफायवर वापरायचे हे मला माहीत होतं, म्हणजे जिथे असतील तिथे वायफायला जोडेपर्यंत दुसरी टिक येणार नाही. बुकिंगच्या साइटवरून निरोप पाठवला, पण ते बुकिंग त्यांच्या मुलीने तिकडून केलेलं, निरोप तिच्याकडे जाणार. आमचे दुपारचे साडेबारा म्हणजे तिकडे थंडीच्या दिवसांत सकाळचे आठ. तिने बघितला की नाही कळत नव्हतं.

आता सी फॉर्म. तेव्हा परदेशी पाहुणा आला की हॉटेलने चोवीस तासांत तो ऑनलाइन भरायचा असायचा, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, किती दिवस राहणार आणि इथून पुढे कुठे जाणार. पुष्कळ ठिकाणी तो शेवटचा रकाना अंदाजे भरतात, मुंबई नाही तर गोवा टाकून मोकळे. आमच्या रिसेप्शनच्या ताई तशा नव्हत्या, प्रत्येकाला बसवून विचारायच्या. त्यांनी "पणजी" लिहिलं होतं. नुसतं गोवा असतं तर आम्ही काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुठे शोधलं असतं. पण पणजीत तरी कुठलं हॉटेल? ते फॉर्मवर नसतं.

मग ताईंना आठवलं की आजोबांनी एक तिकीट प्रिंट करून घेतलं होतं. रिसेप्शनच्या मेलवर त्यांनी पाठवलेली पीडीएफ तशीच होती. मडगाव ते एर्नाकुलम, दुसऱ्या दिवशी रात्रीची नेत्रावती. कोचीला जाणार हे मला ते वखारीत बोललेच होते, कारण १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतलं आणि ते सगळं त्यांना ओळीने बघायचं होतं, वेंगुर्ला, गोवा, कोची. म्हणजे आमच्या हातात दुसऱ्या दिवशीची रात्र होईपर्यंतचा वेळ होता. पणजीत सापडले तर बरं, नाही तर मडगाव स्टेशनवर डबा आणि बर्थ नंबर घेऊन उभं राहायचं.

साहेब आधी म्हणाले की कोचीहून ते फोन चालू करतील, तेव्हा बोलू, एवढी धावपळ कशाला. त्यांचं पण चूक नव्हतं, माणूस दिवसभर सुट्टा सोडायचा तर बेल डेस्कला कोण. पण ते औषधाचं कार्ड मला स्वस्थ बसू देईना. मी त्यावरचं नाव कागदावर उतरवून बाजारात मेडिकलवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी लगेच ओळखलं, असिनोकुमॅरॉल. म्हणाले, "ही रक्त पातळ ठेवायची गोळी, आपल्याकडे पण देतात, हृदयाची झडप बदललेल्यांना वगैरे. हा माणूस कुठे पडला, डोक्याला लागलं तर डॉक्टरला आधी हे कळायला हवं, नाही तर रक्त थांबायचं नाही. कार्ड त्याच्या खिशातच पाहिजे." काठी टेकत चालणारा माणूस, एकटा, भाषा येत नाही. हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कपाटातून लेटरहेड काढलं.

वाशिष्ठीकाठ :
मला पण याच विषयावर विचारायचंय. आमची बॅग मांडवी एक्सप्रेसमध्ये राहिली, चिपळूणला उतरलो तेव्हा पोरं झोपेत, गडबडीत वरच्या बर्थवर राहिली. ती गाडीतल्या बेडरोलवाल्यांकडे जमा होते का? ते पण असं रजिस्टर ठेवतात का? बॅगेत मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट आहे हो.

लॉबीतला_काका :
ताई, रेल्वेचं वेगळं. लगेच १३९ ला फोन करा, गाडी नंबर, डबा, बर्थ आणि कुठे उतरलात ते सांगा. गाडी पुढे चालू असेल तर ते पुढच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांना किंवा टीसीला सांगून बॅग उतरवून घेतात. बेडरोलवाल्यांच्या भरवशावर राहू नका. तिकिटाचा फोटो हाताशी ठेवा.

जुनी_खाकी :
मी पोलीस खात्यातून रिटायर झालो. बेलडेस्कला एक विचारतो, पोलीस स्टेशनला का गेला नाहीत? परदेशी माणसाच्या बाबतीत नोंद हवी. उद्या त्यानेच म्हटलं असतं की पाकिटात जास्त पैसे होते तर तुम्ही अडकला असता. आणि सी फॉर्म पुढच्या हॉटेलनेही भरलेला असणार, खात्याला ते कळू शकतं.

बेलडेस्क_वेंगुर्ला :
काका, साहेबांनी पोलीस स्टेशनला फोन केला होता. तिथले हवालदार भले माणूस, म्हणाले मालक माहीत आहे, तो कुठे गेला ते माहीत आहे, मग आधी पोचवा, नाही सापडला तर आणून जमा करा, मी फोनची नोंद ठेवतो. गोव्यातल्या हॉटेलांचे फॉर्म तिकडच्या ऑफिसला जातात, ते विचारायचं तर पत्र, मंजुरी, तोवर नेत्रावती गेली असती. पैशांच्या आरोपाचं तुमचं बरोबर आहे, त्यासाठीच ती तीन सह्यांची यादी होती.

जुनी_खाकी :
फोनची नोंद केली असेल तर ठीक. तरी मी असतो तर एक अर्ज लेखी देऊन पोच घेतली असती. दहा मिनिटांचं काम आहे.

बेलडेस्क_वेंगुर्ला :
आता पुढचं. पणजीत कुठे, हे एकाच माणसाला माहीत असणार, टॅक्सीवाला. टॅक्सी आमच्या स्टँडवरचीच होती. रात्री त्यांच्या घरी गेलो, जेवत होते. म्हणाले, "अरे झिला, तेंका मी पणजेक तां पिवळ्या-निळ्या घरांचा आसा ना, थंय सोडलंय, चॅपेलाच्या बाजूक. फुडे गल्ली बारीक, गाडी जायना. कोणतरी बाई येवन बॅग घेवन गेली." बाईच्या घराचं नाव? नाय. रंग? "पिवळोच असात." तिथली अर्धी घरं पिवळी. पण बाई स्वतः बॅग घ्यायला आली म्हणजे मोठं हॉटेल नाही, घरातच खोल्या देणारी कुणीतरी, एवढं पक्कं झालं.

पहाटेच्या एसटीने सावंतवाडी, तिथून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी. लिफाफा शर्टाच्या आत, वर स्वेटर. सोबत लेटरहेडवरचं पत्र की हा आमचा कर्मचारी असून अमुक पाहुण्यांची वस्तू देण्यासाठी जात आहे, यादीची दुसरी प्रत आणि माझं ओळखपत्र. साहेबांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, शोधताना पाकिटाचं नाव काढायचं नाही, "वेंगुर्ल्याच्या हॉटेलातून निरोप आहे" एवढंच म्हणायचं, नाही तर "माझंच आहे" म्हणणारे भेटतात आणि नको त्या माणसाला कळतं की तुझ्या अंगावर पैसे आहेत. दुसरी, आजोबा भेटले तरी लिफाफा लगेच पुढे करायचा नाही, आत काय आहे ते आधी त्यांच्या तोंडून ऐकायचं. मला हे विचित्र वाटलं, मी त्यांना चांगला ओळखत होतो. साहेब म्हणाले तू ओळखतोस, पण यादीवर तसं लिहिता येत नाही.

कदंब स्टँडवरून खाडीवरच्या छोट्या पुलाने पलीकडे गेलं की तो फोंताइनास भाग सुरू होतो. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपासून सुरुवात केली. फोटो माझ्याकडे नव्हता आणि पासपोर्टची झेरॉक्स घेऊन रस्त्यावर दाखवत फिरणं साहेबांनी मना केलं होतं. मग तोंडी सांगत गेलो, उंच, काठी, गवती हॅट, चित्रं काढतात. पहिल्या दोन ठिकाणी नाही. एका हॉटेलच्या काउंटरवर पोरगा म्हणाला आम्ही गेस्टची माहिती देत नाही, मी म्हटलं देऊ नका, ते तुमच्याकडे असतील तर फक्त त्यांना सांगा की वेंगुर्ल्याहून माणूस आलाय, मी बाहेर उभा राहतो. त्याने यादी बघून मान हलवली, नाहीत.

मग डोकं चालवलं. चित्र काढणारा माणूस सकाळच्या उन्हात खोलीत बसणार नाही, कुठल्या तरी कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसला असणार. गेस्टहाउसं सोडून बेकरीवाल्याला विचारलं, विहिरीजवळ कपडे धुणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली काल संध्याकाळी होतो एक म्हातारो, पायऱ्यांवर बसलेलो, आणि वरच्या अंगाच्या एका घराकडे बोट दाखवलं. तिथे बेल वाजवली तर एक आजी आल्या, "कोण जाय?" मी सांगितलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझं पत्र मागून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं, मग म्हणाल्या आत ये, तो सकाळपासून जेवलाच नाही, बसून राहिलाय.

आजोबा आतल्या अंगणात होते. त्यांना पाकीट नसल्याचं रात्रीच कळलं होतं. त्यांना वाटत होतं वखारीच्या दगडांत पडलं, आणि ते कोचीचं तिकीट रद्द करून परत वेंगुर्ल्याला यायच्या विचारात होते. मोबाईल वायफायला का जोडला नव्हता तर त्या आजींच्या घरी वायफायच नव्हतं. मला बघून उठायला लागले तर मीच पळत जाऊन बसवलं. आणि मग मला ते विचारावं लागलं, पाकिटात काय होतं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं सर, हॉटेल रूल. ते अजिबात रागावले नाहीत. फोटो सांगितला, बायकोचा, सायकलजवळ उभी असलेली, मागे पेनने साल लिहिलंय. औषधाचं कार्ड सांगितलं. कार्ड कुठल्या बँकेचं ते सांगितलं. पैसे किती ते त्यांना नक्की सांगता आलं नाही, म्हणाले कमी असले तरी चालेल. त्यावर मी म्हटलं चालणार नाही, मोजा. लिफाफ्यावरच्या सह्या त्यांना दाखवल्या, त्यांनीच फोडला, घरमालकीण आजींसमोर एकेक नोट यादीशी ताडली, यादीवर त्यांची सही, साक्षीला आजींची सही. औषधाचं कार्ड त्यांनी पहिलं उचललं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मी सांगितलं की आमच्या मेडिकलवाल्या काकांनी निरोप दिलाय, ते खिशातच ठेवा, पाकिटात नको.

त्यांनी बक्षीस द्यायला नोट काढली. मी बसभाडं घेतलं, वरची नोट घेतली ती साहेबांना सांगून बेल डेस्कच्या टिपच्या डब्यात टाकली, महिनाअखेरीला वाटणी होते त्यात मावशींचा हिस्सा मी मुद्दाम मागून घेतला, कारण सापडलं त्यांना होतं. आजींनी जेवायला वाढलं, हुमण-भात. त्या रात्री आजोबांनी नेत्रावती पकडली, मडगावला त्यांना डब्यात बसवूनच मी परत फिरलो.

एकच गोष्ट बिनसली. त्यांच्या मुलीने आमचा निरोप वाचला आणि वडील फोनवर मिळेनात म्हणून घाबरून बँकेचं कार्ड बंद करून टाकलं. खात्यावर तिचंही नाव होतं. त्यामुळे मी कार्ड नेऊन दिलं ते चालतच नव्हतं, मडगाव स्टेशनच्या एटीएमवर कळलं. कोचीपर्यंत त्यांनी युरो बदलून भागवलं.

पुणेरी_फिरस्ता :
म्हणजे मुलीला निरोप पाठवायलाच नको होता. आपले पैसे असते तर आपण यूपीआय केलं असतं, त्यांचं कार्ड गेलं की संपलंच.

लॉबीतला_काका :
मला तसं वाटत नाही. निरोप जायला हवाच होता, पण त्यातली वाक्यं महत्त्वाची. "तुमच्या वडिलांचं पाकीट सापडलं आहे" एवढंच लिहिलं की वाचणारा घाबरतो. आम्ही असं लिहायचो की पाकीट आमच्या तिजोरीत सीलबंद आहे, कार्ड कुणी वापरलेलं नाही, आमचा माणूस अमुक दिवशी नेऊन देतोय, बंद करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

गुहागरची_होमस्टेवाली :
काका, पण तुमच्या सांगण्यावर तिने विश्वास का ठेवावा? ती हजारो मैलांवर, अनोळखी हॉटेल, वडील फोन उचलत नाहीत. मी असते तर मी पण बंदच केलं असतं. कार्ड नवीन मिळतं.

लॉबीतला_काका :
मिळतं, पण घरच्या पत्त्यावर, आणि माणूस कोचीत. तरी ताई, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही.

वाशिष्ठीकाठ :
१३९ ला लावला, बॅग रत्नागिरीला उतरवून घेतलीय म्हणतात!! उद्या हे आणायला जातायत. आभार काका.

तारकर्लीची_बोट :
बेलडेस्क भाऊ, वाचून बरं वाटलं. माझ्याकडे पण एक अडकलेलं प्रकरण आहे. आमच्या स्नॉर्कलिंगच्या बोटीत एक बारकं मेमरी कार्ड सापडलं, त्याच्यावर ना नाव ना काही. त्या दिवशी पाच ग्रुप केले, आमच्याकडे लाइफ जॅकेटच्या वहीत नुसती नावं आणि माणसं किती एवढंच, नंबर फक्त ज्यांनी पैसे ऑनलाइन दिले त्यांचे. त्या नंबरवाल्यांना विचारलं, त्यांचं नाही. आता कार्डातले फोटो उघडून बघायचे का? माझा भाऊ म्हणतो बघ, मला कसंतरी वाटतं, कुणाच्या घरचे काय फोटो असतील.

सागरगोटी :
मी तर नाही बघणार. मालवणच्या जेटीवर चिठ्ठी लाव आणि वाट बघ.

बेलडेस्क_वेंगुर्ला :
चिठ्ठीने होणार नाही सागरगोटी ताई, ते लोक आपापल्या गावी पोचले असणार. बोट भाऊ, मी काय करीन सांगतो, भावाला सोबत बसव आणि फक्त शेवटचे दोनतीन फोटो उघड, सगळे नको. तुमच्याच बोटीवरचे असतील तर वेळ कळेल, वेळेवरून कुठला ग्रुप ते कळेल. मग त्या दिवशी ते राहिले कुठे ते शोध, तारकर्लीतून तुमच्याकडे गेस्ट कोण पाठवतं ते तुला माहीत असेलच. त्या होमस्टेवाल्याकडे त्यांचा नंबर असणार, त्यालाच फोन करायला सांग, तू नंबर मागू नकोस. आणि ते कार्ड खाऱ्या पाण्यात भिजलं असेल तर कॉम्प्युटरला लावायच्या आधी गोड्या पाण्याने धुऊन चांगलं सुकव, ओलं लावलंस तर फोटो जातील.

तारकर्लीची_बोट :
भिजलेलं आहे. आता धुतो, परवा लावून बघतो आणि इथेच सांगतो.